नवा पंप आलाय, वर्कशॉप उरकून टाका

वॉर्डात नवीन सिरिंज पंप आलेत ना, मग सीएनई, म्हणजे सिस्टरांचं चालू शिक्षणाचं वर्कशॉप, घ्यायलाच पाहिजे. वेळ सकाळी नऊची ठेवा, म्हणजे नाईट करून बदलापूरला निघालेल्या सिस्टर आयत्या सापडतात. चाळीस जणी, पंप एक, प्रॅक्टिसला एक तास, म्हणजे प्रत्येकीला दीड मिनिट, एवढ्यात सिरिंज बसवून होते आणि फोटोही निघतो.

डेमो कंपनीच्या माणसालाच करू द्या. तो रेट 100 मिली प्रति तास लावेल, लाईनवरची थ्री-वे तोटी बंद करेल आणि पंधरा-वीस सेकंदात अलार्म वाजला की सगळ्या खूश, काय भारी पंप आहे. कुणीतरी म्हणेल की आमच्याकडे बीपी टिकवायचं नॉरअ‍ॅड तासाला 2 मिलीने चालतं, तेवढ्यावर लावून दाखवा. अजिबात लावू देऊ नका हं! समजा लाईनमध्ये अर्धा मिली दाबला गेल्यावर अलार्म होतो, तर 100 च्या रेटला ते 18 सेकंदात होतं आणि 2 च्या रेटला पंधरा मिनिटं लागतात. पंप मजेत चालू, हिरवा दिवा लुकलुकतोय, पेशंटला थेंब जात नाही आणि बीपी घसरतंय. एवढा वेळ हॉलमध्ये कोण थांबणार, त्यात वडे आलेले.

त्याच्या पुढचं तर दाखवूच नका. अलार्म वाजला की आपला हात आपोआप थ्री-वेवर जातो आणि उघडतो, तेव्हा तो दाबून बसलेला अर्धा मिली, म्हणजे पंधरा मिनिटांचा डोस, एका झटक्यात आत. घसरलेलं बीपी एकदम वर उडतं आणि आपण म्हणतो पेशंटच अनस्टेबल आहे. खरं तर पेशंटची बाजू बंदच ठेवून थ्री-वेच्या बाजूच्या तोंडातून प्रेशर बाहेर सोडायचं, अडथळा कुठे होता ते बघायचं आणि मगच चालू करायचं. रंगीत पाणी भरून लाईनचं टोक ट्रेमध्ये धरलं तर ती पिचकारी डोळ्यांनी दिसते, पण मग ट्रे पुसायला मावशींना बोलवावं लागतं, कशाला उगाच!

मूल्यमापनाला दहा एमसीक्यू पुरे, स्लाईडवरचेच उचला, पंपाचं वजन किती, बॅटरी किती तास. प्रत्येकीसमोर बंद लाईनचा पंप ठेवून "आता काय करशील" विचारणं आणि समोर उभं राहून चेकलिस्टवर टिक करणं म्हणजे चाळीस जणींना पाच-पाच मिनिटं, दोनशे मिनिटं झाली, दोन बॅच कराव्या लागतील आणि पंपही चार मागवावे लागतील. शिवाय काहीजणी नापास झाल्या तर परत शिकवायचं कुणी?

तरी शेवटच्या रांगेतली एखादी सिस्टर हात वर करेलच, की सर, अलार्म आला तर आधी उघडायचं की आधी सोडायचं. तिला म्हणावं, सिस्टर, आधी चहा घ्या, गार होतोय.