टू बाय टू टेबल: सूत्रं पाठ आहेत, पण उत्तर चुकलं

«टू बाय टू टेबल म्हणजे फुकटचे मार्क. a/(a+c) सेन्सिटिव्हिटी, d/(b+d) स्पेसिफिसिटी, a/(a+b) पीपीव्ही, d/(c+d) एनपीव्ही. टेबल कसंही येवो, आकडे टाका, उत्तर चुकणार नाही. आणि सेन्सिटिव्हिटी ९० टक्के म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या शंभरातले नव्वद खरंच आजारी.»

परीक्षेआधी असा सल्ला सर्रास ऐकायला मिळतो. त्यातल्या सूत्रांशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते ‘टेबल कसंही येवो’ या शब्दांशी. ही सूत्रं एक गोष्ट गृहीत धरतात: उभ्या रकान्यांत आजार आणि आडव्या ओळींत टेस्टचा निकाल. पेपर काढणारा तसं बांधील नसतो. समजा, टेबल असं आलं:

```
            टेस्ट +   टेस्ट −   एकूण
आजार आहे     ९०       १०      १००
आजार नाही     २०       ८०      १००
```

आता डोळे मिटून a/(a+c) करा. ९० भागिले ११०, म्हणजे ८१.८ टक्के. ही सेन्सिटिव्हिटी नव्हे, पीपीव्ही आहे. a/(a+b) केलंत तर ९० टक्के येतात, ती खरी सेन्सिटिव्हिटी. तुम्ही मात्र ती पीपीव्ही म्हणून लिहिणार. स्पेसिफिसिटी (८० टक्के) आणि एनपीव्ही (८० भागिले ९०, म्हणजे ८८.९) यांचीही अशीच अदलाबदल होते. चारही उत्तरं चुकतात, आणि चारही आकडे इतके सभ्य दिसतात की शंकाही येत नाही. मी स्वतः एकदा असेच चारही मार्क घालवले आहेत. तेव्हापासून a, b, c, d लिहिणंच सोडलं. छेदात कोण आहे तेवढं विचारतो: सेन्सिटिव्हिटीच्या छेदात सगळे आजारी, स्पेसिफिसिटीच्या छेदात सगळे निरोगी, पीपीव्हीच्या छेदात सगळे पॉझिटिव्ह, एनपीव्हीच्या छेदात सगळे निगेटिव्ह. टेबल उलटं असो की सुलटं, हे बदलत नाही.

‘पॉझिटिव्ह आलेल्या शंभरातले नव्वद आजारी’ हे विधानही इथेच कोसळतं. वरच्या टेबलात पॉझिटिव्ह ११० आहेत आणि त्यातले ९० आजारी. ‘आजारी असलेल्यांत पॉझिटिव्ह किती’ आणि ‘पॉझिटिव्ह आलेल्यांत आजारी किती’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

पण मला सर्वात जास्त खटकतं ते पुढचं. ८१.८ टक्के हे भागाकार म्हणून बरोबर असलं, तरी बाहेरच्या जगासाठी ते पीपीव्ही म्हणून वापरता येत नाही. टेबलात १०० आजारी आणि १०० निरोगी आले कुठून? अभ्यास करणाऱ्याने तसे निवडले म्हणून. त्याने निरोगी २०० घेतले असते तर फॉल्स पॉझिटिव्ह ४० झाले असते आणि पीपीव्ही ९० भागिले १३०, म्हणजे ६९ टक्क्यांवर आली असती. टेस्ट तीच, सेन्सिटिव्हिटी-स्पेसिफिसिटी तीच. म्हणजे हा आकडा टेस्टइतकाच निवडीबद्दलही बोलतोय.

म्हणून प्रश्नात ‘हीच टेस्ट २ टक्के प्रिव्हॅलन्स असलेल्या लोकसंख्येत वापरली तर’ असं वाक्य दिसलं, की जुनं टेबल बाजूला ठेवून नवं मांडायचं. १०,००० माणसं घ्या. आजारी २००, त्यांतले ९० टक्के म्हणजे १८० पॉझिटिव्ह आणि २० निसटले. निरोगी ९,८००, त्यांतले ८० टक्के म्हणजे ७,८४० निगेटिव्ह आणि उरलेले १,९६० उगाचच पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह २,१४०. पीपीव्ही १८० भागिले २,१४०, म्हणजे ८.४ टक्के. साधारण बारा पॉझिटिव्हमागे एकच आजारी! हे काही नवं नाही; थॉमस व्हेकिओ यांनी न निवडलेल्या लोकसंख्येतल्या टेस्टबद्दल हाच मुद्दा १९६६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मांडला होता.

टेबलावरून थेट पीपीव्ही काढणं केव्हा चालतं? ज्यांची तपासणी करायची त्याच गटातून, आजार आहे की नाही हे आधी न पाहता माणसं घेतली असतील आणि मग सगळ्यांचीच टेस्ट व गोल्ड स्टँडर्ड तपासणी झाली असेल, तेव्हा. आजारी-निरोगींच्या बेरजा गोल, ठरवून घेतल्यासारख्या दिसल्या, तर प्रश्नाची पहिली ओळ पुन्हा वाचा.

आता एनपीव्ही. नव्या टेबलात ती ७,८४० भागिले ७,८६०, म्हणजे ९९.७ टक्के येते आणि टेस्ट एकदम भारी वाटू लागते. पण या लोकसंख्येत टेस्ट न करताही कुणालाही ‘तुम्हाला आजार नाही’ म्हटलं असतं, तरी १०० पैकी ९८ वेळा ते खरंच ठरलं असतं.