चारने भागून दाखवा: एका प्रतिक्रियेला उत्तर

आमच्या ठिबकच्या दुकानाचं वर्षाचं ध्येय तिमाहीच्या ओकेआरमध्ये कसं उतरवलं, यावर मी एक लेख लिहिला होता. ओकेआर म्हणजे एक ध्येय आणि ते गाठलं का हे दाखवणारे, मोजता येणारे निकाल, म्हणजे केआर. तिमाहीअखेर प्रत्येक केआरला ० ते १ मध्ये गुण देतात. त्या लेखावर ही प्रतिक्रिया आली:

*"वर्षाला ४०० एकर ठिबक बसवायचंय ना, मग चारने भागा, तिमाहीला १००, विषय संपला. पाच माणसांच्या दुकानावर ही गूगलची झूल कशाला? तक्त्यातली मोजणीची बेरीजही चुकलीय. आणि तक्रारी कमी करण्याचा केआर वर्षाच्या कुठल्या टार्गेटला जाऊन मिळतो, ते लेखात कुठेच नाही. ०.७ मिळाले की यश म्हणायचं, हे तर नापास पोराला पेढे वाटण्यासारखं." – एक वाचक*

साहेब, बेरीज चुकलीच. १३५ च्या जागी १५३ छापलंय, आज दुरुस्त करतो. आता बाकीचं.

'झूल' हा शब्द मला लागला, हे लपवत नाही. ओकेआरची ही पद्धत इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी रुजवली आणि गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी १९९९ साली गूगलला नेली, तेव्हा गूगलही नवखी, छोटीच कंपनी होती. पण ते सोडा. मी चोपड्याच्या बाजूला अकरा वर्षं ठिबकचे पाइप खांद्यावर वाहिलेत. दुकान पाच माणसांचं आहे म्हणून त्यात डोकं लावायचं नाही, असा काही नियम आहे का?

चारने भागायला मलाही येतं. भागून पाहिलंही आहे. आपल्याकडे बागायती कापूस मे-जूनमध्ये लागतो, केळीची मृगबाग जून-जुलैत. त्यामुळे ठिबकची झुंबड एप्रिल ते जून. पावसाळ्यात शेतात पायच ठेवता येत नाही, मग केळीच्या कांदेबागेच्या लागवडीवेळी पुन्हा थोडी हालचाल. मागच्या तीन वर्षांची बिलं काढून बसलो, तर पहिल्या तिमाहीचा वाटा शंभरात ४५ निघाला. म्हणजे ४०० पैकी १८० एकर. तुमच्या हिशेबाने मी जूनअखेर १०० वर खूश होऊन बसलो असतो आणि उरलेले ८० एकर भर श्रावणात चिखलात शोधत फिरलो असतो.

पुढचा जिना लेखात होता, पण तुम्ही बहुधा झुलीपाशीच थांबलात. आमची सरासरी ऑर्डर चार एकरांची, म्हणून १८० एकर म्हणजे ४५ ऑर्डरी. तीन शेतं मोजली की एक ऑर्डर पक्की होते, म्हणून १३५ मोजण्या. तेरा आठवड्यांत १३५, म्हणजे आठवड्याला दहा-अकरा. आमचा मोजणीवाला पोरगा एकच. एप्रिलात अकरानंतर शेतात कोणी भेटत नाही, ऊनच तसं असतं, त्यामुळे सकाळी दोनच शेतं होतात. सहा दिवसांचे बारा. बसतं, पण जेमतेम. घरात एक लग्न निघालं की आठवडा गेला. ही अडचण मला मार्चमध्येच कळली, म्हणून फिटरपैकी एकाला टेप धरायला शिकवलं. चारने भागून हे कळलं असतं का?

आणि केआर म्हणून '१३५ मोजण्या' असं मी लिहिलेलं नाही. 'आगाऊ रक्कम जमा झालेल्या ४५ ऑर्डरी' असं लिहिलंय. मोजणी हे काम झालं, फळ नव्हे. हा फरक मी पुस्तकातून शिकलो नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही '१५० मोजण्या' हाच केआर ठेवला होता. पोरांनी १५२ करून दाखवल्या, भिंतीवरचा तक्ता हिरवागार, आणि वर्षाच्या ध्येयात आम्ही ६० एकर मागे. वही चाळली तेव्हा कळलं, मार्चअखेर ज्यांच्या विहिरी तळाला गेल्या होत्या त्यांचीही शेतं मोजून आकडा भरलेला. पाणीच नाही तो ठिबक घेईल कशाला? केआर सगळे पूर्ण आणि वरचा आकडा जागचा हलत नाही, असं दिसलं की साखळी मध्ये कुठेतरी तुटलीय असं समजायचं. आता मोजणीच्या आधी विहिरीचं पाणी विचारल्याशिवाय पोरगा गाडीला किक मारत नाही.

तक्रारींचं म्हणाल, तर आराखड्यात दुसरं ध्येय उधारीचं आहे, साठ दिवसांत वसुली. ठिबकची लॅटरल नळी गळत असेल तर शेतकरी शेवटचा हप्ता देत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. लेखात ही ओळ राहिली असेल, पण धंदा करणाऱ्याला एवढं सांगावं लागत नाही, असं मला वाटलं होतं.

०.७ चं माझ्या माथी मारू नका. ते हात लांब करून गाठायच्या ध्येयांसाठी आहे. ४५ ऑर्डरी हा शब्द दिलेला आकडा आहे, तिथे ४४ झाल्या तरी मी पोरांना विचारतो. पेढे वाटत नाही.

पुढच्या वेळी आधी तुमच्या दुकानाची तीन वर्षांची बिलं महिनावार मांडा, मग लिहा. दर तिमाहीला खरंच सारखा वाटा निघाला, तर माझा तक्ता मी काढून टाकीन.