हिजाबबंदीचा तो मेसेज चुकीचा आहे

“सुप्रीम कोर्टाने देशभरातल्या शाळा-कॉलेजांत हिजाबवर बंदी घातली. नागपुरातही लागू.”

असा निकाल झालेला नाही. १३ ऑक्टोबर २०२२ ला दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही आणि प्रकरण मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांकडे गेलं. वादही कर्नाटक सरकारच्या ५ फेब्रुवारी २०२२ च्या गणवेश-आदेशाचा होता. तिथल्या हायकोर्टाने तो कायम ठेवला होता, पण तो आदेश महाराष्ट्राला लागू नाही.

दोन्ही निकालपत्रं वाचण्यासारखी आहेत. न्या. हेमंत गुप्ता म्हणतात, सरकारी शाळेत एका धर्माची खूण चालू दिली तर राज्याची तटस्थता उरत नाही. गणवेश सगळ्यांना सारखाच. न्या. सुधांशू धुलिया हिजाब धर्मात अनिवार्य आहे का, या वादात शिरतच नाहीत. मुलीची श्रद्धा प्रामाणिक आहे आणि कुणाला त्रास नाही, एवढं त्यांना पुरतं. मला दुसरी बाजू पटते, कारण तटस्थ राहायचं ते राज्याने, विद्यार्थिनीने नव्हे. पण हे माझं मत. कायदा अजून ठरायचाय.

आपल्या राज्यातलं उदाहरण मुंबईच्या चेंबूरमधल्या खासगी कॉलेजचं. ९ ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तिथल्या हिजाब, टोपी, बॅजवरच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली, मात्र वर्गात बुरखा चालणार नाही असंही सांगितलं. म्हणजे ‘सगळ्याला परवानगी मिळाली’ हा उलटा मेसेजही चूकच.

दोन्ही मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकले असतील तिथे हा खुलासा टाका.