फोटोतल्या एसीचा ‘टन’ लांबीवरून ओळखणाऱ्यांसाठी

“भाड्याचं घर बघायला जाण्याआधी इनडोअर युनिटचा फोटो मागवा. नावावरून कंपनी कळते आणि लांबीवरून टन. तीन फुटांपेक्षा कमी असेल तर एक टन, जास्त असेल तर दीड. मग १०० चौरस फुटाला एक टन हा हिशोब लावा, कधीच फसणार नाही!” (फिरत आलेला मेसेज)

एसी दुरुस्तीच्या धंद्यात माझी वीसेक वर्षं गेली. भाचीने मालाडला भाड्याने बघितलेल्या घराचा फोटो मला पाठवला, आणि त्याच्याखाली हाच मेसेज. बेडरूम दहा बाय बाराची, सर्वात वरच्या मजल्यावरची, खिडकी पश्चिमेला. एजंट म्हणतो दीड टन. “मामा, फोटोत चांगला लांबलचक दिसतोय, म्हणजे दीडच ना?”

नावाचं आधी उरकतो. समोरच्या पट्टीवर कंपनीचं नाव असतं, ते खरं धरायला बहुतेक वेळा हरकत नाही. पण तिथे नावाशेजारी जे आकडे असतात, त्यांनी लोक हमखास फसतात. ३ किंवा ५ हे स्टार असतात. ‘फाइव्ह इन वन’ म्हणजे पाच टप्प्यांत क्षमता कमीजास्त करता येते. आणि चमकणारा २४ हा सेट केलेलं तापमान आहे. एका गृहस्थांनी तो २४ बघून मला ‘दोन टनी मशीन’ सांगितलं होतं. त्यांचीही पूर्ण चूक नव्हती, कारण मॉडेल नंबरमधला २४ खरोखरच दोन टन सांगतो. तासाला १२,००० बीटीयू उष्णता काढणं म्हणजे एक टन, म्हणून अनेक कंपन्यांच्या मॉडेल नंबरात १२ असेल तर एक टन, १८ असेल तर दीड. पण काही कंपन्या किलोवॅटमध्ये नंबर देतात: ३५ म्हणजे साडेतीन किलोवॅट, साधारण एक टन, आणि ५० म्हणजे पाच किलोवॅट, जो बाजारात दीड टन म्हणून विकला जातो. व्होल्टासच्या १८३व्ही या मॉडेलमध्ये १८ हा दीड टन आणि पुढचा ३ हा स्टार. डायकिनच्या नंबरात ५० दिसतो तो किलोवॅटचा. कोणता आकडा कोणत्या भाषेत आहे हे कळल्याशिवाय वाचायचा नाही.

आता लांबी. इनडोअरच्या डब्यात कॉइल आणि पंखा असतो. कॉम्प्रेसर बाहेरच्या युनिटात, आणि टन मुख्यतः त्याच्यावर ठरतो. कमी विजेत तितकाच गारवा द्यायचा तर कॉइल मोठी करावी लागते, म्हणून पाच स्टारचा एक टनी डबा तीन स्टारच्या दीड टनी डब्याएवढा लांब असू शकतो. काही कंपन्या तर दोन्ही क्षमतांना एकच डबा वापरतात. शिवाय मोबाइलच्या वाइड लेन्सने खोलीच्या कोपऱ्यातून काढलेल्या फोटोत कडेची वस्तू ताणली जाते, म्हणजे फुटपट्टी लावायला जागाच उरत नाही.

मी भाचीला म्हटलं, “अगं, समोरून नको. त्याच्या कुशीत मोबाइल घाल आणि खालून-बाजूने फोटो काढ.” बहुतेक युनिटांच्या बाजूला किंवा खालच्या अंगाला एक छोटं लेबल चिकटवलेलं असतं. त्यावर मॉडेल नंबर असतो आणि कूलिंग कपॅसिटी वॅटमध्ये छापलेली असते. तिला ३५१७ ने भागलं की टन निघतो. समोर स्टारचं लेबल शाबूत असेल तर त्यावरही हाच आकडा सापडतो, पण भाड्याच्या घरांत ते बहुधा उन्हाने पांढरं पडलेलं किंवा पोरांनी खरडलेलं असतं. फोटो आला: ३३५० वॅट, पाच स्टार. ३३५० भागिले ३५१७, म्हणजे ०.९५. एजंटचा दीड टन एकावर आला.

भाचीने लगेच तिसरा नियम लावला. १२० चौरस फूट, म्हणजे सव्वा टन हवा, हा एसी पुरणार नाही. इथेच मेसेजचा सर्वात मोठा घोळ आहे. खोलीला गरम करते ती फरशी नव्हे. खोलीच्या वरची स्लॅब, खिडकीतून येणारं ऊन, भिंती, माणसं आणि फटींतून शिरणारी दमट हवा, या सगळ्यांची बेरीज करावी लागते.

तिच्या खोलीची मे महिन्यातल्या दुपारची बेरीज मी अशी मांडली. वर गच्ची आहे आणि काही वॉटरप्रूफिंगचा थर वगळता उघडी स्लॅब, तिच्यातून सुमारे १००० वॅट. चार बाय चारच्या खिडकीवर पश्चिमेचं थेट ऊन, साधी काच, ६५० च्या आसपास. भिंतींचे ३५०. दोन माणसांचे २५०. टीव्ही, दिवे, पंखा मिळून १५०. उरली हवा: मुंबईत ती नुसती गार करून भागत नाही, तिच्यातलं पाणीही कॉइलवर काढावं लागतं, त्याचे ३५० धरले. एकूण २७५० वॅट, म्हणजे पाऊण टनाहून थोडं जास्त. हा अंदाज आहे, दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होईल. तरी ३३५० चं मशीन पुरतं, फार मोकळी जागा मात्र उरत नाही.

हीच खोली मधल्या मजल्यावर आणि पूर्वेला असती, तर स्लॅबचे १००० गेले, दुपारचं ऊन बरंचसं गेलं, आणि बेरीज १२०० च्या घरात आली असती. तेवढ्याच १२० चौरस फुटांना निम्म्याहून कमी. त्या खोलीत जुन्या पद्धतीचा, इन्व्हर्टर नसलेला दीड टनी लावला तर काय होतं? दहा-पंधरा मिनिटांत खोली गार होते, कॉम्प्रेसर बंद पडतो, पंखा मात्र चालू राहतो आणि कॉइलवरचं पाणी परत हवेत उडवतो. आकडा २४ दाखवतो, अंग चिकटच राहतं, आणि चादर ओलसर लागते. असे फोन जूनमध्ये मला खूप येतात, “गॅस भरून द्या” म्हणून. गॅस बरोबर असतो, मशीन मोठं असतं. इन्व्हर्टर असेल तर तो वेग कमी करून बराच वेळ चालतो, तरी त्यालाही खाली उतरायची मर्यादा असते.

म्हणजे लांबी म्हणत होती दीड, चौरस फूट म्हणत होते सव्वा हवा, आणि दोन्ही चुकून उत्तर ‘चालेल’ निघालं. पण एक फोटो बाकी होता. लेबलवरची क्षमता बाहेर ३५ अंश हवा धरून मोजलेली असते. मी विचारलं, आउटडोअर कुठेय? तिने फोटो पाठवला. ड्राय बाल्कनीत, आणि बाल्कनीला घरमालकाने सरकती काच लावून घेतलेली. युनिट स्वतःचीच गरम हवा परत ओढत होतं. अशा जागी हवा पंचेचाळीसच्याही वर जाते, आणि ३३५० तले काही शे वॅट तिथेच गळतात. आपली शिल्लक होती ६०० ची.

मेमध्ये त्या काचेचे दोन पल्ले काढून ठेवायचे, असं तिने करारात लिहून घेतलं. आउटडोअरचं लेबलही मागवलं होतं मी. तो एक टनीच निघाला, त्याच कंपनीचा, म्हणजे जोडी तरी मूळची होती.