टीए-डीएवर कर नसतोच? थोडं थांबा

फिरणारा संदेश असा आहे: «ऑफिसने टीए-डीए म्हणून दिलेला एकेक रुपया करमुक्त असतो. बिलं जपायची गरज नाही, उरले ते पैसे तुमचे. म्हणून पगारातला काही भाग दर महिन्याला ट्रॅव्हल अलाउन्स म्हणून बांधून घ्या. कंपनीने टीडीएस कापला नाही म्हणजे विषय संपला. मात्र हे फक्त जुन्या रेजिममध्ये. नव्यात सगळ्यावर टॅक्स.»

इथे टीए म्हणजे प्रवासभत्ता आणि डीए म्हणजे दौऱ्यातला दैनिक भत्ता, महागाई भत्ता नव्हे. यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीची वाक्यं त्यावर रचलेली असल्याने माणूस अडकतो. खाली दिलेले कलम क्रमांक १९६१च्या आयकर कायद्याचे आहेत, म्हणजे आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला लागू होणारे. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलतात.

कलम १०(१४) आणि आयकर नियमांतला नियम २बीबी यांनुसार दौऱ्याचा किंवा बदलीचा प्रवासखर्च, दौऱ्यात नेहमीच्या कामाच्या ठिकाणापासून दूर राहावं लागल्यामुळे होणाऱ्या रोजच्या खर्चासाठीचा भत्ता आणि कार्यालयीन कामासाठी फिरण्याचा वाहनभत्ता यांना सूट मिळते. पण ती भत्त्याच्या रकमेला नाही, त्यातून प्रत्यक्ष झालेल्या खर्चाला आहे. ‘प्रत्यक्ष’ ही अट संदेशात गाळली आहे.

एक हिशोब मांडून बघू. पुण्यातल्या कर्मचाऱ्याला नागपूरला चार दिवसांच्या दौऱ्यावर पाठवलं आणि २०,००० रुपये ॲडव्हान्स दिला. जाण्या-येण्याची तिकिटं २,७०० रुपयांची आणि हॉटेल तीन रात्रींचं ८,४०० रुपये. दोन्हींची बिलं जोडलेली. कंपनीचा डीए रोज १,२०० रुपये, म्हणजे ४,८००. जेवण, चहा आणि हॉटेल ते साइट रिक्षा यांवर खरा खर्च झाला ३,६५०.

तिकीट आणि हॉटेलचे ११,१०० रुपये ही निव्वळ भरपाई आहे. कंपनीच्या कामाचा खर्च कर्मचाऱ्याने केला आणि बिलावर तितकाच परत मिळाला, तर ते त्याचं उत्पन्नच नाही आणि पगारात धरायचा प्रश्न येत नाही. डीएतले ३,६५० करमुक्त. उरलेले १,१५० रुपये मात्र पगाराचा भाग. २० टक्के स्लॅबमध्ये सेससह त्यावर सुमारे २३९ रुपये कर. ॲडव्हान्समधले ४,१०० रुपये कंपनीला परत करायचे आहेत. ते परत केले नाहीत आणि कंपनीनेही सोडून दिले, तर तेही करपात्र. रक्कम किरकोळ वाटेल, पण महिन्यातून दोन-तीन दौरे करणाऱ्याचा वर्षाचा आकडा किरकोळ राहत नाही.

आता बिलांविषयी. टपरीवरच्या चहाची पावती कोणी मागत नाही. डीएचा दर हुद्द्याला आणि गावाला साजेसा असेल, तर प्रत्येक रुपयाची पावती नसतानाही आयकर अपील न्यायाधिकरणाने काही प्रकरणांत सूट मान्य केली आहे. पण तिथेही दौरा खरोखर झाला, हे दाखवावंच लागतं. त्यासाठी दौऱ्याचा आदेश, तिकिटं, हॉटेलचं बिल आणि रोजच्या खर्चाची साधी नोंद एकत्र ठेवा: तारीख, ठिकाण, कशासाठी, किती. ही नोंद त्याच दिवशी करावी. वर्षअखेरीला एका बैठकीत लिहिलेली वही लगेच ओळखू येते, कारण रोजचा आकडा सारखा आणि गोल असतो, आणि एखाद्या दिवशी हजेरीपटावर माणूस पुण्यातल्याच ऑफिसात असतो.

दर महिन्याला ठरावीक भत्ता बांधून घेण्याचा सल्ला सगळ्यात महागात पडणारा आहे. दौरा असो वा नसो, महिन्याला ८,००० रुपये मिळत असतील तर तो नाव बदललेला पगार आहे. सूट फक्त कामासाठी फिरण्यावर खर्च झालेल्या भागाला. घर ते ऑफिस हा प्रवास यात बसत नाही. त्यासाठी पूर्वी महिन्याला १,६०० रुपयांची वेगळी सूट होती. ती आर्थिक वर्ष २०१८-१९ पासून गेली आणि तिच्या जागी स्टँडर्ड डिडक्शन आलं. अंध, मूकबधिर आणि पायांचं अपंगत्व असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी मात्र महिन्याला ३,२०० रुपयांपर्यंतची सूट आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतही कायम आहे. तिच्याबद्दल संदेशात एक शब्द नाही, आणि ज्यांना ती मिळायला हवी त्यांतले कित्येकजण ती घेतच नाहीत. विक्री प्रतिनिधी, वसुली कर्मचारी अशा रोज फिरणाऱ्यांनी वाहनभत्त्यासाठी तारीख, कुठून कुठे, किलोमीटर आणि पेट्रोलचा खर्च यांची नोंदवही ठेवावी. कंपनीने फुकट वाहन दिलं असेल, तर ही सूट मिळत नाही.

टीडीएस कापला नाही म्हणून कर लागत नाही, हा समज कुठून आला असावा याचा अंदाज आहे. लार्सन अँड टुब्रोच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली म्हटलं की कर्मचाऱ्याने रजा प्रवास सवलत आणि वाहनभत्ता खरंच वापरला का, याचे पुरावे गोळा करण्याची कायदेशीर जबाबदारी मालकावर नाही. हा दिलासा मालकाला आहे. कंपनीने पुरावा मागितला नाही म्हणून कर्मचाऱ्याचं उत्पन्न करमुक्त होत नाही. उलट विचारणा झाली तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं.

दौऱ्याला सुट्टी जोडली की काय होतं, हेही सांगायला हवं. पणजीत गुरुवार-शुक्रवार कंपनीची परिषद आहे आणि कर्मचारी रविवारपर्यंत राहिला. शनिवार-रविवारचं हॉटेल कंपनीने भरलं, तर तेवढा वाढीव खर्च नियम ३ प्रमाणे करपात्र सवलत ठरतो. पत्नी सोबत असेल आणि तिचं तिकीट कंपनीने काढलं असेल, तर तेही. हॉटेलला आधीच सांगून दोन वेगळी बिलं करून घ्यावीत. एकच बिल असलं की विभागणीवरून वाद होतो.

राहिली नवी करप्रणाली. तिथे घरभाडे भत्त्याची आणि रजा प्रवास सवलतीची सूट नाही, हे खरं. पण जून २०२०च्या अधिसूचनेने नियम २बीबीमध्ये बदल करून दौरा-बदलीचा प्रवासखर्च, दैनिक भत्ता, कामासाठीचा वाहनभत्ता आणि अपंगांचा वर सांगितलेला भत्ता यांची सूट नव्या प्रणालीतही ठेवली. गेली ती मदतनीस, गणवेश आणि संशोधन भत्त्यांची. नवी प्रणाली आता आपोआप लागू होते, त्यामुळे या संदेशावर विसंबून बरेच लोक हक्काची सूट सोडून देतात.

फॉर्म १६चा भाग ब उघडून बघा. कंपनीने डीए पूर्ण करपात्र धरला असेल, तर रिटर्नमध्ये पगाराच्या तपशिलात सूट असलेल्या भत्त्यांच्या यादीतून `Sec 10(14)(i)` निवडून प्रत्यक्ष खर्चाची रक्कम भरता येते. नव्या प्रणालीत असाल तर त्याच यादीतली नव्या प्रणालीसाठीची ओळ निवडा. फॉर्म १६ आणि रिटर्न यांत असा फरक पडला की विचारणा येऊ शकते, म्हणून नोंदी हाताशी असतील तेवढ्याच रकमेची सूट मागा.