‘पाठवले’ म्हणजे पोहोचले नव्हे

“बटणाचा फोन सोडून स्मार्टफोन घेताय? १) जुना ब्लूटूथ २.० आणि नवा ५.० एकमेकांशी बोलत नाहीत. २) ब्लूटूथने गाणे पाठवले की आवाजाचा दर्जा उतरतो. ३) पेअर केले की समोरच्याला तुमचे सगळे नंबर आपोआप मिळतात. ४) सगळे नंबर निवडून पाठवा, ‘पाठवले’ असे आले की काम झाले, लगेच जुना फोन फॅक्टरी रिसेट करा. सर्वांना पाठवा!”

हा संदेश माझ्या आत्यापर्यंत पोहोचला आणि तिने तो शब्दशः पाळला. शेवटच्या पायरीवर तिच्या जुन्या फोनने रिसेटसाठी सुरक्षा कोड मागितला, तो तिला आठवेना, म्हणून तिने मला फोन केला. तो कोड तिच्या लक्षात असता तर हा लेख लिहिण्यात काही अर्थ उरला नसता. म्हणून सुरुवात चौथ्या मुद्द्यापासूनच करतो, कारण बाकीचे तीन नुसते चुकीचे आहेत आणि हा नुकसान करणारा आहे.

नव्या फोनची संपर्क यादी उघडली तेव्हा ती पूर्ण रिकामी होती, आणि तरीही जुना फोन खोटे बोलत नव्हता. ब्लूटूथवर अशी देवाणघेवाण ज्या पद्धतीने होते तिला ऑब्जेक्ट पुश म्हणतात: एक फोन फाइल पुढे ढकलतो, दुसरा ती स्वीकारतो, आणि स्वीकारल्याचा निरोप आला की पहिला फोन ‘पाठवले’ असे दाखवून मोकळा होतो. त्या फाइलचे पुढे काय झाले, तिच्यातले नंबर यादीत चढले की ती कोपऱ्यात पडून राहिली, हे कळण्याचा कोणताही मार्ग त्याच्याकडे नसतो. अँड्रॉइड फोन आलेली संपर्कांची `.vcf` फाइल साठवून ठेवतो आणि आपण तिच्यावर बोट ठेवून ती संपर्कांत आयात करण्याची वाट पाहतो. आत्याची फाइल अशीच ब्लूटूथच्या फोल्डरमध्ये पडली होती.

ती आयात करण्याआधी मी मोजून घेतली, आणि ही मोजणी कोणालाही जमण्यासारखी आहे. `.vcf` ही साधी मजकुराची फाइल असते आणि तिच्यात प्रत्येक संपर्क पुढील दोन ओळींच्या मध्ये बसतो.

```
BEGIN:VCARD
END:VCARD
```

फाइल मजकूर म्हणून उघडून `BEGIN:VCARD` किती वेळा येते ते शोधले की आत किती संपर्क आहेत ते कळते. आत्याच्या फाइलमध्ये १४३ निघाले. जुन्या फोनच्या मेमरी स्थितीच्या पडद्यावर मात्र एकूण १८७ संपर्क होते: फोनमध्ये १४३ आणि सिमवर ४४. यादी पाहताना दोन्ही एकत्र दिसत असल्यामुळे आत्याला ‘सगळे’ म्हणजे सगळेच वाटले, परंतु तिच्या फोनने निवडले ते फक्त स्वतःच्या मेमरीतले. सिमवरचे ४४ नंतर सिम नव्या फोनमध्ये घालून संपर्कांच्या ‘आयात’ पर्यायातून घेतले. १४३ आणि ४४ मिळून १८७ झाल्यावरच मी तिला तो कोड शोधून दिला. (सिमवर एका नावापुढे साधारणपणे एकच नंबर आणि मोजकीच अक्षरे मावतात, त्यामुळे तिकडून आलेली नावे अर्धवट दिसली तर तो ब्लूटूथचा दोष समजू नये.)

उलट दिशेने जाताना ‘पाठवले’ हा निरोप आणखी फसवा ठरतो. रिसेट झालेला फोन आत्याच्या सासूबाईंना द्यायचा होता आणि त्यात घरातले सहा नंबर हवे होते. स्मार्टफोनमधून सहाही संपर्क एकाच फाइलमध्ये पाठवले, इकडे पुन्हा ‘पाठवले’ आले, आणि बटणाच्या फोनने त्यातला फक्त पहिला संपर्क साठवला. अनेक साधे फोन एका फाइलमध्ये एकच कार्ड असेल असे धरून चालतात. उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही: संपर्क एकेक करून पाठवावा आणि प्रत्येक वेळी तो यादीत उतरला का ते पाहावे.

नावे देवनागरीत असतील तर आणखी एक गोष्ट तपासावी लागते. व्हीकार्ड म्हणजे `.vcf` फाइलचाच प्रकार; त्याच्या जुन्या २.१ आवृत्तीत देवनागरी अक्षरे सांकेतिक रूपात जातात आणि ‘मामा’ हे नाव `=E0=A4=AE=E0=A4=BE=E0=A4=AE=E0=A4=BE` असे लिहिले जाते. पडद्यावर हीच माळ दिसली तर त्या फोनला संकेत उलगडता आला नाही, असे समजावे. नुसते चौकोन दिसले तर बहुधा नाव शाबूत असते आणि फोनमध्ये देवनागरीचा फाँट नसतो. प्रश्नचिन्हे दिसली तर मूळ अक्षरे बहुधा वाटेतच हरवलेली असतात आणि नाव पुन्हा टाइप करण्यावाचून गत्यंतर नसते. सासूबाईंच्या फोनवर चौकोन आले, तेव्हा सहा नावे रोमन अक्षरांत लिहून प्रश्न मिटवला.

आता उरलेले मुद्दे. दुसऱ्या मुद्द्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. गाण्याची फाइल पाठवताना तिची तंतोतंत प्रत जाते. दोन्ही फोनांवर फाइलचा आकार ताडून पाहिला तर शंका राहणार नाही. ब्लूटूथच्या हेडफोनवर गाणे ऐकताना मात्र आवाज पुन्हा दाबून पाठवला जातो, आणि ही अफवा बहुधा तिथूनच निघाली असावी. खरी अडचण निराळीच असते: बटणाच्या फोनला `.mp3` हमखास चालते, पण `.opus` किंवा `.flac` सहसा चालत नाही, आणि गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेले गाणे ही पाठवता येणारी मोकळी फाइलच नसते. शिवाय ५ एमबीच्या एका गाण्याला अर्धा मिनिट धरला तरी २०० गाण्यांना १०० मिनिटे लागतील. एवढी गाणी असतील तर मेमरी कार्ड काढून संगणकाला लावणे शहाणपणाचे.

तिसऱ्या मुद्द्याबद्दल इतकेच की संपर्क यादी वाचू देणे ही पेअरिंगहून वेगळी परवानगी आहे. गाडीतल्या यंत्रणेशी फोन जोडताना ती विचारली जाते, आणि तिथे न वाचता ‘होय’ म्हटले तर यादी खरोखरच जाते. नुसती फाइल पाठवताना जी निवडली तीच जाते.

पहिला मुद्दा अँड्रॉइडच्या बाबतीत साफ खोटा आहे. ब्लूटूथ ५ असलेल्या स्मार्टफोनमध्ये जुना, ज्याला क्लासिक म्हणतात तो ब्लूटूथही असतो आणि फाइल त्याच्यावरूनच जाते. फरक पडलाच तर पेअरिंगच्या पद्धतीत पडतो: ब्लूटूथ २.१ पूर्वीचे फोन `0000` किंवा `1234` असा पिन मागतात, तर नंतरचे दोन्ही पडद्यांवर सारखाच आकडा दाखवतात. मात्र एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते. नवा फोन आयफोन असेल तर फाइल खरोखरच जात नाही, पण त्याचे कारण आवृत्ती हे नव्हे. अ‍ॅपलने आयफोनला चालणाऱ्या ब्लूटूथ प्रोफाइलची, म्हणजे ब्लूटूथवर करता येणाऱ्या कामांच्या प्रकारांची, यादी स्वतः प्रसिद्ध केली आहे; तिच्यात हेडफोन, कीबोर्ड आणि गाडीला संपर्क देणारी प्रोफाइल आहेत, ऑब्जेक्ट पुश नाही. अशा वेळी `.vcf` फाइल आधी एखाद्या अँड्रॉइड फोनवर किंवा संगणकावर घ्यावी, तिथून स्वतःलाच ईमेल करावी आणि आयफोनवर ती उघडून सगळे संपर्क जोडावेत. सिमवरचे नंबर आयफोनच्या सेटिंग्जमधल्या संपर्कांच्या विभागातून वेगळे आयात करावे लागतात, आणि जुन्या फोनवरचा आकडा तिथेही जुळवून पाहावा.