ताप उतरला म्हणजे सुटलो असं नाही: सेप्सिसच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "डॉक्टर, तुमचा लेख वाचून घरात सगळे उगाच घाबरलेत. माझ्या आईला वर्षातून दोनदा युरिन इन्फेक्शन होतं, पाच दिवसांच्या गोळ्यांनी बरी होते. इन्फेक्शन जरा वाढलं की त्यालाच सेप्सिस म्हणायचं आणि आयसीयूत टाकायचं, असंच दिसतं. वर तुम्हीच सांगता अँटिबायोटिक्स कमी खा. मग माणसाने नक्की करायचं काय?"

तुमच्या आईंना जे होतं ते सेप्सिस नाही, आणि त्याला पाच दिवसांच्या गोळ्याच बरोबर आहेत, त्यात वाद नाही. पण "इन्फेक्शन वाढलं की सेप्सिस" हे मात्र मला मान्य नाही, कारण गफलत नेमकी तिथेच होते. जंतू किती आहेत यावर सेप्सिस ठरत नाही, त्या जंतूंना शरीर कसं उत्तर देतंय आणि त्या भानगडीत किडनी, फुप्फुसं, मेंदू यांचं काम बिघडतंय का, यावर ठरतं. २०१६ पासून व्याख्याच तशी आहे. छातीत मोठा न्यूमोनिया असून माणूस खुर्चीत बसून चहा पितो, आणि दुसरीकडे खरचटल्याएवढ्या जखमेतून सेप्सिस होतो, दोन्ही बघितलंय.

एक पेशंट समजा, ६२ वर्षांचे काका, डायबिटीस, वजन ६० किलो. सोमवारी लघवीला जळजळ, थंडी वाजून १०१ ताप, पण बोलणं नीट, नाडी ९६, श्वास मिनिटाला १८, बीपी १३४. हे इन्फेक्शन. लघवीची तपासणी, कुठला जंतू आहे ते कळायला कल्चर, गोळ्या, घरी जा. मंगळवारी संध्याकाळी ताप ९९ वर, घरचे म्हणतात चला, गोळी लागू पडली, पण काका सारखे झोपतायत, प्रश्न विचारला की उत्तर दुसरंच देतात, सकाळपासून लघवीला गेलेले नाहीत, श्वास २८ आणि बीपी ९६. ताप कमी झाला पण माणूस बिघडला. हा सेप्सिस, आणि ताप बघत बसलेल्याच्या हातून हाच निसटतो. पॅरासिटामॉलने ताप झाकला जातो, म्हाताऱ्या माणसांना तर कित्येकदा ताप येतच नाही, उलट अंग गार पडतं.

श्वास का वाढतो ते सांगतो, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. एरवी सूज जखमेपुरती किंवा मूत्राशयापुरती राहते. इथे ती सगळ्या अंगभर सुटते, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि त्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागतं, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात, आणि पेशींना ऑक्सिजन नीट पोचत नाही, पोचला तरी वापरता येत नाही. मग रक्तात लॅक्टेट साचतं, रक्त आम्लधर्मी होतं, आणि ते निस्तरायला शरीर भराभर श्वास घेतं. म्हणून बीपी अजून ठीक असताना सुद्धा श्वास आधीच बोलून जातो. पण कॅज्युअल्टीच्या कागदावर सगळ्यात बेफिकिरीने लिहिलेला आकडा कुठला असेल तर तोच, दहातल्या नऊ केसपेपरांवर न मोजताच २० लिहिलेलं असतं. घरी मोजा ना, माणूस शांत पडलेला असताना, पूर्ण एक मिनिट, त्याला न सांगता. मोठ्या माणसाचा २२ च्या वर असेल आणि सोबत इन्फेक्शन असेल तर ते साधं समजू नका. उलटं मात्र धरू नका, श्वास नॉर्मल आहे म्हणून सेप्सिस नाही असं कुठलाच एक आकडा सांगू शकत नाही. बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर नाडीही वाढत नाही.

आता लवकर ओळखल्याने फरक पडतो का. न्यूयॉर्कच्या रोरी स्टाँटनची केस जगभर शिकवतात. १२ वर्षांचा मुलगा, मार्च २०१२, शाळेच्या जिममध्ये बॉलमागे पडला, हाताला खरचटलं. दुसऱ्या दिवसापासून उलट्या, ताप, पाय दुखतोय. डॉक्टरांना वाटलं पोटाचं इन्फेक्शन आहे, हॉस्पिटलात सलाईन देऊन, उलटीचं औषध देऊन घरी पाठवलं. रक्ताचे रिपोर्ट तो घरी गेल्यावर आले, त्यात पांढऱ्या पेशी बिघडलेल्या होत्या, पण त्या रिपोर्टवरून घरी फोन गेला नाही. १ एप्रिलला तो गेला. जंतू स्ट्रेप्टोकॉकस, ज्याने घसा दुखतो त्याच कुळातला, पेनिसिलिनला मरणारा!

त्यानंतर २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्याने सगळ्या हॉस्पिटलांना सेप्सिसचा प्रोटोकॉल सक्तीचा केला, तीन तासांत लॅक्टेट, ब्लड कल्चर आणि अँटिबायोटिक. मग २०१७ मध्ये तिथल्या १४९ हॉस्पिटलांतल्या ४९ हजारांवर पेशंटचा हिशोब आला: हे तिन्ही पूर्ण व्हायला जितका उशीर, तितकी दर तासाला मृत्यूची शक्यता, म्हणजे ऑड्स, साधारण ४ टक्क्यांनी वाढत गेली. (शंभरामागे चार माणसं जास्त, असा याचा अर्थ नाही.) आणि गंमत म्हणजे सलाईन किती वेळात संपलं याचा तसा संबंध दिसला नाही, अँटिबायोटिकचा दिसला. बीपी पडल्यावरची गोष्ट याहून वाईट, २००६ च्या एका मोठ्या अभ्यासात शॉकमध्ये अँटिबायोटिकला उशीर झालेल्या प्रत्येक तासामागे वाचण्याचं प्रमाण सरासरी साडेसात टक्क्यांच्या आसपास घसरत गेलं.

आपल्या काकांचं पुढे काय करतात? आधी दोन ब्लड कल्चर, त्यात वेळ जात असेल तर न थांबता लगेच शिरेतून अँटिबायोटिक, लॅक्टेट (समजा ४.१ आलं, २ च्या आत हवं), पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिली म्हणजे १८०० मिलीच्या आसपास सलाईन, तरी बीपी उचलत नसेल तर नॉरअ‍ॅड्रेनलिन. आणि याच्या सोबतच सोनोग्राफी, जी सगळ्यात जास्त विसरली जाते. तिथे दिसतं की खडा अडकून डावी किडनी फुगलीय. आता वर कितीही भारी अँटिबायोटिक द्या, कोंडलेल्या लघवीत ते नीट पोचतच नाही, रात्रीच यूरॉलॉजिस्टला बोलावून डीजे स्टेंट म्हणजे बारीक नळी टाकून वाट मोकळी करावी लागते. "सकाळी बघू" इथे महागात पडतं.

अँटिबायोटिकचा तुमचा मुद्दा खरा आहे म्हणून त्याला टाळत नाही. सर्दी, व्हायरल ताप यांत ती खाऊच नका, डेंग्यूतही त्यांचा उपयोग नाही, आणि डेंग्यूत शॉक आला तर सलाईनचं गणितही वेगळं असतं. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइन्सही सरसकट एका तासात सगळ्यांना ठोका असं म्हणत नाहीत: शॉक असेल किंवा सेप्सिस जवळपास नक्की असेल तर एक तास, शॉक नसेल आणि नुसती शंका असेल तर भराभर तपासा, आणि तीन तासांत शंका फिटली नाही तर द्या. मग दोन-तीन दिवसांत कल्चर आलं की भारी औषध काढून साधं नेमकं औषध ठेवायचं, आणि दुसरंच काही निघालं तर बंद करायचं. आयसीयूत नातेवाइकांनी तिसऱ्या दिवशी "कल्चर काय आलं, आता कुठलं औषध कमी करताय" असं विचारलं तर कुठल्याही डॉक्टरला राग यायचं कारण नाही.